मॅग्नेशियम सल्फेटचं इन्फ्युजन चालू असताना: रिफ्लेक्स, श्वास आणि लघवीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्री-एक्लॅम्पसियाच्या पेशंटला मॅगसल्फ लावणं तसं सोपं आहे. जबाबदारी खरी सुरू होते ती पंप चालू झाल्यावर. पुढची उत्तरं लेबर रूममधल्या सिस्टर, इंटर्न आणि नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांसाठी आहेत. तुमच्या विभागाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर आकड्यांच्या बाबतीत तोच पाळा, कारण वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थोडाफार फरक असतो.

हे औषध बीपी कमी करण्यासाठी देतात का?

नाही. मॅगसल्फ झटके टाळण्यासाठी आणि आलेले झटके थांबवण्यासाठी देतात. लोडिंग डोसनंतर बीपी थोडं उतरतं, पण तो परिणाम टिकत नाही. बीपी १६०/११० किंवा त्याहून वर असेल तर लॅबेटालॉल, हायड्रालझीन किंवा निफेडिपिन वेगळं द्यावंच लागतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रिया होत्या. त्यात मॅगसल्फ मिळालेल्या गटात एक्लॅम्पसियाचा धोका निम्म्याहून कमी झाला. डोस आणि देखरेख नीट असेल तर हे औषध सुरक्षित आहे, म्हणून भीतीपोटी ते टाळू नये.

डोस नेमका कसा तयार करायचा?

आधी अँप्यूलवरचं लेबल वाचा. ५० टक्के द्रावणात १ मिलीमध्ये अर्धा ग्रॅम औषध असतं, म्हणजे २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम आणि १० मिलीच्या अँप्यूलमध्ये ५ ग्रॅम. अँप्यूल मोजून डोस भरायची सवय असेल आणि एक दिवस वेगळ्या आकाराचा साठा आला, तर पाचपट चूक व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मोजायचे ते ग्रॅम, अँप्यूल नव्हे.

लोडिंग डोस ४ ग्रॅम. ५० टक्के द्रावण ८ मिली घ्या, त्यात १२ मिली नॉर्मल सलाइन घाला. हे २० मिली म्हणजे २० टक्के द्रावण झालं. ते शिरेतून सावकाश द्यायचं. कमीत कमी ५ मिनिटं तर हवीतच, पण झटका चालू नसेल तर मी १५ ते २० मिनिटं घेईन.

मेंटेनन्स ताशी १ ग्रॅम. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० टक्के द्रावण २० मिली आणि सलाइन ३० मिली घेतलं की त्यात एकूण १० ग्रॅम बसतात, म्हणजे दर मिलीत ०.२ ग्रॅम. पंपाचा वेग ताशी ५ मिली ठेवला की ताशी १ ग्रॅम जातो. सिरिंजवर औषधाचं नाव, एकूण ग्रॅम, भरल्याची वेळ आणि वेग लिहा. दुसऱ्या व्यक्तीकडून हिशेब आणि पंपाची सेटिंग दोन्ही तपासून घ्या. ऑक्सिटोसिनची लाइन शेजारीच असते, त्यामुळे दोन्ही लाइनवर पेशंटच्या टोकाला आणि पंपाच्या टोकाला लेबल लावा. ऑक्सिटोसिनचा वेग वाढवायला जाऊन मॅगसल्फचा वाढणं, ही या औषधाच्या बाबतीत घडू शकणारी सगळ्यात वाईट चूक आहे.

लोडिंग डोस देताना पेशंट म्हणते अंगातून आग निघतेय. थांबवायचं का?

अंग गरम होणं, चेहरा लाल होणं, घाम, मळमळ, घशाला कोरड हे अपेक्षित आहे. औषध रक्तवाहिन्या रुंदावतं, त्यामुळे तसं वाटतं. हे विषबाधेचं लक्षण नाही. तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही. फार त्रास होत असेल तर वेग कमी करा. लोडिंग चालू असताना मात्र पेशंटजवळून हलू नका आणि दर ५ मिनिटांनी नाडी, बीपी आणि श्वास बघा.

तीनच गोष्टी का तपासायच्या? आणि तिन्ही का लागतात?

मॅग्नेशियम जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. लघवी कमी झाली की औषध आत साठू लागतं, मग पंप अगदी बरोबर वेगाने चालत असला तरी पातळी चढते. म्हणून लघवी हे पुढे काय होणार याची सूचना देणारं मोजमाप आहे.

साठलेलं मॅग्नेशियम चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमला अडवतं. त्यामुळे ॲसिटिलकोलिन कमी सुटतं आणि स्नायूपर्यंत निरोप नीट पोचत नाही. याचा परिणाम सर्वप्रथम दिसतो तो गुडघ्याच्या झटक्यात, म्हणजे नी जर्कमध्ये. रिफ्लेक्स हे आता काय चाललं आहे याचं मोजमाप.

श्वासाचे स्नायू त्याच यंत्रणेवर चालतात, फक्त ते उशिरा हार मानतात. उपचाराची पातळी साधारण ४.८ ते ८.४ मिग्रॅ प्रति डेसिलीटर असते. ती ९ ते १२च्या आसपास गेली की रिफ्लेक्स जातात, १२च्या वर श्वास मंदावू लागतो आणि त्याहून बरीच वर गेली की हृदय थांबू शकतं. हे आकडे माणसागणिक पुढेमागे होतात, पण क्रम सहसा हाच राहतो. श्वासावर भरवसा ठेवून बसलात तर कळेल तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असेल. रिफ्लेक्स तपासण्यावर एवढा भर असतो तो यासाठीच.

पुढचा तास चालू ठेवायचा की नाही, हे कसं ठरवायचं?

तीन अटी एकाच वेळी पूर्ण हव्यात. नी जर्क येतोय. श्वास मिनिटाला किमान १६ आहे. मागच्या चार तासांत लघवी सरासरी ताशी किमान ३० मिली, म्हणजे एकूण १२० मिली झाली आहे. काही प्रोटोकॉल श्वासासाठी १२ आणि लघवीसाठी चार तासांत १०० मिली ही मर्यादा धरतात. तुमच्याकडे कुठली आहे ती चार्टवर छापलेली असावी, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी नको.

एकही अट तुटली तर पंप थांबवा आणि मग डॉक्टरांना फोन करा. याच क्रमाने. थोडा वेळ पंप बंद राहिल्याने पातळी लगेच कोसळत नाही, पण चालू राहिल्याने ती चढत राहते. हा अधिकार सिस्टरना प्रोटोकॉलमध्येच लेखी दिलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. रात्री दोन वाजता परवानगीची वाट बघत कोणी उभं राहू नये.

नी जर्क नीट कसा तपासायचा? मला कधी येतो, कधी येत नाही.

बहुतेक वेळा चूक पायाच्या ठेवणीत असते. पेशंट उताणी असेल तर तुमचा डावा हात तिच्या गुडघ्याखाली घाला आणि गुडघा थोडा वाकवून पायाचं पूर्ण वजन स्वतःच्या हातावर घ्या. पाय सैल आहे का ते हलवून बघा. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध बोटाने चाचपा आणि हातोडी तिच्या वजनानेच त्यावर पडू द्या. नजर पायाच्या पंजावर नको, मांडीच्या पुढच्या स्नायूवर ठेवा. पंजा हलला नाही तरी स्नायू आकसलेला दिसतो.

आलं नाही तर लगेच शून्य लिहू नका. तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात बाहेर ओढायला सांगा आणि त्याच क्षणी हातोडी मारा. तरीही दोन्ही बाजूंना काही आलं नाही आणि कोपराजवळचा बायसेप्सचा झटकाही नाही, तर रिफ्लेक्स गेले असं समजून पंप थांबवा.

नोंद ० ते ४ अशी करतात: ० म्हणजे नाही, १ मंद, २ नेहमीसारखा, ३ जोरदार, ४ म्हणजे क्लोनससह. इथे एक बारीक गोष्ट आहे. गंभीर प्री-एक्लॅम्पसियात रिफ्लेक्स मुळात ३ किंवा ४ असू शकतात. अशा पेशंटमध्ये २ झाले तर ते बरं होण्याचं लक्षण असू शकतं आणि १ झाले तर मोठी घसरण असते. लोडिंगच्या आधीची नोंद नसेल तर यातलं काहीच कळणार नाही. म्हणून पहिली तपासणी सुई लावण्याआधी करायची.

स्पायनल किंवा एपिड्युरल दिलं असेल तर?

मग गुडघ्यावर काही कळणार नाही. भुलीनेच तो रिफ्लेक्स जातो. अशा वेळी बायसेप्स किंवा मनगटाकडचा ब्रॅकिओरेडियालिस तपासा आणि चार्टवर कुठला तपासला ते स्पष्ट लिहा. नाहीतर पुढच्या शिफ्टला नुसतं ‘रिफ्लेक्स नाही’ वाचून धक्का बसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘स्पायनलमुळे असेल’ म्हणून खरी विषबाधा सोडून दिली जाईल.

श्वास मोजायला मॉनिटर पुरेसा नाही का?

नाही. पूर्ण एक मिनिट छातीकडे बघून मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते, आणि आपण १६ आणि १२ यांतला फरक शोधतोय. मोजतोय असं सांगू नका, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखा हात ठेवून मोजलेलं बरं. ऑक्सिजन चालू असेल तर सॅच्युरेशन बराच काळ ९८ दाखवत राहील आणि श्वास मात्र उथळ होत गेलेला असेल. श्वासाची खोली, बोलणं अडखळणं, पापण्या जड होणं हेही बघा. वेदनेसाठी ओपिऑइड दिलं असेल तर श्वास मंदावण्याचं कारण तेही असू शकतं. रिफ्लेक्स चांगले असून श्वास मंद असेल तर आधी तिकडे संशय घ्या, पण पंप तरीही थांबवून ठेवा.

लघवी कमी झाली तर सलाइन वाढवायचं किंवा फ्रुसेमाइड द्यायचं का?

केवळ आकडा सुधारण्यासाठी दोन्ही नको. या पेशंटच्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, त्यामुळे जास्त सलाइन फुप्फुसात उतरू शकतं. सगळे द्रव मिळून, म्हणजे मॅगसल्फ आणि ऑक्सिटोसिनसकट, साधारण ताशी ८० मिलीच्या आत ठेवतात. रक्तस्राव झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गेलेलं भरून काढावंच लागतं.

आधी कॅथेटर बघा: नळी वाकली आहे का, पेशंट तिच्यावर झोपली आहे का, पिशवी वर टांगली आहे का. लघवी ताशी मोजायची असेल तर युरोमीटर असलेली पिशवी हवी. साध्या मोठ्या पिशवीवर १५ आणि ३० मिलीतला फरक दिसत नाही.

एक उदाहरण सांगाल का, ज्यात निर्णय अवघड होता?

समजा ३५ आठवड्यांची गरोदर स्त्री आहे. वजन ६२ किलो, बीपी १६८/११४, डोकं प्रचंड दुखतंय, लघवीत प्रथिनं. दुपारी २ वाजता लॅबेटालॉल आणि ४ ग्रॅम लोडिंग दिलं, मग ताशी १ ग्रॅम सुरू केलं. सुरुवातीला रिफ्लेक्स ३, श्वास २०. संध्याकाळभर लघवी ताशी ४० ते ५० मिली, रिफ्लेक्स २ वर स्थिर. रात्री सव्वादहाला स्पायनलखाली सिझेरियन झालं. तेव्हापासून बायसेप्स तपासायला सुरुवात केली.

रात्री १० वाजता संपलेल्या तासात लघवी ५० मिली, ११ वाजता ४५, १२ वाजता ३० आणि १ वाजता २०. चार तासांची बेरीज १४५, म्हणजे सरासरी ३६. नियमाने सगळं ठीक. बायसेप्स २, श्वास १८. पण आकडे ओळीने वाचले तर दर तासाला उतरत आहेत. इथे चांगली सिस्टर पंप थांबवणार नाही, पण डॉक्टरांना कळवेल, कॅथेटर तपासेल आणि पुढची तपासणी तासाऐवजी अर्ध्या तासाने करेल.

दीडला बायसेप्स मंद वाटला. दोन वाजता लघवी १५ मिली, बायसेप्स १, श्वास १६. आता मागच्या चार तासांची बेरीज ४५, ३०, २० आणि १५, म्हणजे ११०. सरासरी २७.५. श्वास अजून मर्यादेत आहे आणि रिफ्लेक्स अजून आहेत, पण लघवीची अट तुटली आणि रिफ्लेक्स घसरले. पंप थांबवला.

यानंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: लघवी का कमी झाली? नाडी ११२, बीपी १०४/६६. आजारामुळे बीपी चढं असलेल्या बाईमध्ये हे ‘नॉर्मल’ बीपी धोक्याचं असतं. चादर उचलून बघितलं तर पॅड भिजलेलं आणि गर्भाशय सैल. रक्तस्राव हे कारण होतं. मॅगसल्फ गर्भाशयाचे स्नायूही थोडे सैल करतं, त्यामुळे प्रसूतीनंतर ही शक्यता नेहमी मनात हवी. गर्भाशयाला मसाज, ऑक्सिटोसिन, रक्ताची तयारी आणि गेलेल्या रक्ताची भरपाई सुरू झाली. मेथिलअर्गोमेट्रिन दिलं नाही, कारण प्री-एक्लॅम्पसियात ते बीपी भडकवतं.

रक्तातलं मॅग्नेशियम ७.६ आलं, क्रिएटिनिन १.४. ७.६ हा आकडा उपचाराच्या पट्ट्यातच आहे. म्हणजे पंप उगाच थांबवला का? मला तसं वाटत नाही. पातळी वरच्या टोकाला होती, बाहेर जाण्याची वाट बंद होत होती, आणि थांबवलं नसतं तर पुढच्या काही तासांत ती पट्ट्याबाहेर गेली असती. श्वास १६ होता, म्हणून कॅल्शियमची गरज पडली नाही. चारच्या सुमारास लघवी ताशी ४० मिली झाली, बायसेप्स परत २ वर आला, आणि वरिष्ठांशी बोलून ताशी अर्धा ग्रॅमने औषध पुन्हा सुरू झालं. बाळंतपणानंतरचे २४ तास पूर्ण व्हायचे होते आणि झटक्याचा धोका संपला नव्हता.

मग प्रत्येकीची रक्तातली पातळी मोजायची का?

मूत्रपिंड चांगलं चालत असेल आणि तिन्ही तपासण्या नीट होत असतील तर गरज नाही. रिपोर्ट यायला वेळ लागतो, हातोडीला लागत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, लघवी कमी असेल किंवा रिफ्लेक्सवरून निर्णय होत नसेल तर पातळी जरूर बघा. पण रिफ्लेक्स गेले असतील तर रिपोर्ट येईपर्यंत पंप चालू ठेवू नका.

मूत्रपिंड आधीच बिघडलेलं असेल तर लोडिंग डोस अर्धा करायचा का?

लोडिंग पूर्ण द्यायचा. तो डोस शरीरात पसरून पातळी गाठण्यासाठी असतो, बाहेर टाकण्याशी त्याचा संबंध कमी. मेंटेनन्स मात्र कमी करायचा किंवा थांबवायचा आणि पातळी बघत पुढे जायचं. मायस्थेनिया ग्रेव्हिस असलेल्या पेशंटला मात्र हे औषध देऊ नये. तिच्यात चेतातंतू आणि स्नायूंमधला निरोप आधीच दुबळा असतो.

इन्फ्युजन चालू असतानाच झटका आला तर?

मदतीला हाक मारा, पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, ऑक्सिजन द्या. लोडिंगला १५ मिनिटं होऊन गेली असतील आणि झटका आला असेल तर आणखी २ ग्रॅम शिरेतून ५ मिनिटांत देतात. त्याआधी पंप खरंच चालू होता का, शिरेची सुई जागेवर आहे का ते बघा. औषध कातडीखाली जात असेल तर झटका येणारच. जादा डोसनंतर रिफ्लेक्स आणि श्वास पुन्हा सुरुवातीसारखे जवळून बघावे लागतात.

विषबाधा झालीच तर पहिल्या पाच मिनिटांत काय?

पंप बंद. मदत बोलवा. श्वास मंद किंवा बंद असेल तर आधी बॅग-मास्कने ऑक्सिजन द्या, कारण जीव वाचवणार आहे ते श्वास देणं. मग कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, म्हणजे १ ग्रॅम, शिरेतून सुमारे ३ ते १० मिनिटांत, ईसीजीकडे बघत. कॅल्शियम त्याच जागी मॅग्नेशियमशी स्पर्धा करतं, त्यामुळे श्वास लवकर परत येतो. पण त्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो आणि मॅग्नेशियम शरीरातच असतं. म्हणून पुन्हा डोस लागू शकतो, ट्यूब घालून व्हेंटिलेटर लागू शकतो, आणि मूत्रपिंड बंद असेल तर डायलिसिस.

हे कॅल्शियम पंप सुरू करतानाच पेशंटच्या उशाशी ठेवा, सिरिंज आणि सुईसकट. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्याची ती वेळ नसते.

भूलतज्ज्ञांना काय सांगायचं?

औषध कधीपासून चालू आहे आणि शेवटच्या तपासणीत काय होतं. व्हेक्युरोनियमसारखी स्नायू शिथिल करणारी औषधं मॅगसल्फमुळे जास्त वेळ टिकतात, त्यामुळे त्यांचा डोस ते कमी ठेवतील. बाळाच्या डॉक्टरांनाही कळवा, कारण बाळ जन्मतः सैल किंवा श्वासाला सुस्त असू शकतं.

पंप काढल्यावर तपासण्या लगेच बंद करायच्या का?

प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर २४ तास, यातलं जे उशिरा येईल तिथपर्यंत औषध चालतं. थांबवल्यावर निरोगी मूत्रपिंडात पातळी निम्मी व्हायला साधारण चार ते पाच तास लागतात, बिघडलेल्या मूत्रपिंडात त्याहून पुष्कळ जास्त. त्यामुळे पुढचे काही तास रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी तपासत राहा. ज्यांची लघवी कमी होती त्यांच्या उशाशी कॅल्शियम तोवर राहू द्या. कॅथेटर काढायची घाई करू नका. प्रसूतीनंतर लघवीचा जोर वाढतो, तो वाढलेला दिसला की मगच तपासण्यांमधलं अंतर वाढवा.